इंदिरानगरच्या फ्लॅटमधले बावीस सेन्सर: झिगबी की वाय-फाय?

नाशिकच्या इंदिरानगरात चौथ्या मजल्यावरचा तीन बेडरूमचा फ्लॅट. घरात काका-काकू दोघेच, मुलगा पुण्यात. घराचा आकार लांबट आहे. दारातून आत आलं की हॉल, डावीकडे स्वयंपाकघर आणि त्यामागे ड्राय बाल्कनी, समोर पॅसेज, आणि पॅसेजच्या दोन्ही बाजूंना व टोकाला बेडरूम. टोकाची बेडरूम काका-काकूंची. तिथे दोन लोखंडी कपाटं पॅसेजकडच्या भिंतीला लावलेली आहेत. ही कपाटं पुढे महत्त्वाची ठरतात.

मुलाला हव्या असलेल्या गोष्टी साध्या होत्या. रात्री मुख्य दार उघडं राहिलं तर कळावं, सकाळी आई-बाबा उठून वावरायला लागले हे कळावं, आणि सिंकखाली किंवा वॉशिंग मशीनपाशी पाणी साचलं तर ताबडतोब कळावं. वर्षभरापूर्वी ड्राय बाल्कनीतला पाइप सुटून पाणी पॅसेजपर्यंत आलं होतं, त्यामुळे तिसऱ्या मागणीवर काकूंचा जोर जास्त होता. यादी केली तेव्हा दारं-खिडक्यांचे नऊ, हालचालीचे पाच, गळतीचे चार आणि तापमान-आर्द्रतेचे चार असे बावीस सेन्सर झाले. सगळे सेलवर चालणारे, कारण दाराच्या चौकटीवर किंवा सिंकखाली वायर ओढायला कोणीच तयार नसतं.

सुरुवात त्यांनी वाय-फायनेच केली होती, आणि ते स्वाभाविक होतं. घरात वाय-फाय आहेच, वेगळं काही घ्यावं लागत नाही, मोबाइलवर अॅप टाकलं की काम झालं. दारं-खिडक्यांचे चार वाय-फाय सेन्सर लागले. मुख्य दारावरच्या सेन्सरचे दोन ट्रिपल-ए सेल दोन-अडीच महिन्यांत बसू लागले. काकू मला म्हणाल्या, "अरे, दाराला सेल घालायचे की रिमोटला, हेच कळेनासं झालंय." गेस्ट बेडरूमच्या खिडकीवरच्या अगदी तशाच सेन्सरचे सेल मात्र जेमतेम वापरले गेले होते.

फरक दोन सेन्सरांत नव्हता, ते दिवसाकाठी किती वेळा जागे होतात यात होता. वाय-फाय सेन्सर एरवी पूर्ण झोपलेला असतो. दार उघडलं की तो जागा होतो, राऊटर शोधतो, पासवर्डवरून ओळख पटवतो, आयपी पत्ता मागतो, मग बाहेरच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करतो आणि शेवटी 'दार उघडलं' एवढंच कळवतो. या सगळ्याला साधारण चार सेकंद धरा, आणि तेवढा वेळ सरासरी ८० मिलीअँपिअर करंट. मुख्य दार दिवसातून चाळीस वेळा उघडत असेल, तर उघडणं आणि बंद होणं मिळून ऐंशी वेळा जाग येते. हिशेब दिवसाला सुमारे ७ मिलीअँपिअर-तासांवर जातो. चांगल्या ट्रिपल-ए सेलची क्षमता हजारच्या आसपास असते, म्हणजे कागदावर साडेचार महिने. प्रत्यक्षात रेडिओ चालू होताना करंटचा झटका बसतो, अर्धवट वापरलेल्या सेलचं व्होल्टेज त्या क्षणी खाली येतं आणि सेलमध्ये जीव शिल्लक असतानाच सेन्सर बंद पडतो. सिग्नल अशक्त असेल तर जोडणीचे प्रयत्न वाढतात, आणि चार सेकंदांचे आठ होतात.

झिगबी म्हणजे छोट्या उपकरणांना कमी विजेत जोडणारं वेगळं बिनतारी जाळं. त्याचा सेन्सरही झोपतो आणि जागा होतो, पण जागं झाल्यावर त्याला ओळख करून द्यावी लागत नाही. तो आधीच एका 'पालक' उपकरणाशी जोडलेला असतो. उठायचं, छोटा निरोप द्यायचा, पोच घ्यायची, झोपायचं. हे काही मिलीसेकंदांचं काम आहे आणि करंटही दहा मिलीअँपिअरच्या आसपासच लागतो. म्हणूनच हे सेन्सर सीआर २०३२ सारख्या नाणेसेलवर चालतात. त्या सेलची क्षमता साधारण २२० मिलीअँपिअर-तास असते, आणि वाय-फायचा झटका तो सोसूच शकत नाही. त्याच मुख्य दाराचे ऐंशी निरोप झिगबीवर इतके स्वस्त पडतात की सेल निरोपांपेक्षा झोपेतल्या वापरात आणि अधूनमधून पालकाला 'माझ्यासाठी काही आहे का' विचारण्यातच जास्त खर्च होतो. दोन वर्षं धरायला हरकत नाही.

तरीही वाय-फाय सरसकट बाद करण्याचं कारण नाही. घरात दोनच सेन्सर हवे असतील आणि तेही क्वचित हलणाऱ्या खिडकीचे, तर वाय-फायच घ्यावं, उगाच नवं जाळं उभं करू नये. गळतीचा सेन्सर वाय-फायवरही बराच काळ टिकतो, कारण तो वर्षातून एखाद्या वेळीच ओरडतो. पण तिथे दुसरी अडचण येते: सेल वाचवण्यासाठी तो दिवस-दिवस गप्प राहतो, मग तो जिवंत आहे की मेला हे कळायचं कसं? तो मेलाय हे गळती झाल्यावर कळून उपयोग नाही. तापमानाच्या सेन्सरचं उलट असतं. पारा थोडा हलला की त्याला बोलायचं असतं, आणि वाय-फायवर ही बडबड सेलच्या मुळावर येते. बावीस सेन्सर आणि बहुतेक रोज बोलणारे, असं चित्र असल्यावर निर्णय झिगबीकडेच जात होता. कॅमेरा आणि टीव्ही वाय-फायवर राहिले. त्यांना वीज कायम मिळते, त्यामुळे तिथे हा प्रश्नच नाही.

मुलाने दिवाळीच्या सुट्टीत झिगबीचं सगळं सामान आणून स्वतः बसवलं. छोटा कॉम्प्युटर टीव्हीच्या मागे वाय-फाय राऊटरला खेटून, त्याच्या यूएसबी पोर्टमध्ये कोऑर्डिनेटर, म्हणजे सगळ्या सेन्सरचे निरोप गोळा करणारा डोंगल, आणि कॉम्प्युटरवर ते निरोप दाखवणारं Zigbee2MQTT हे सॉफ्टवेअर. गिझरला टाइमर हवा म्हणून टोकाच्या बाथरूमच्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर झिगबीचा स्मार्ट प्लग. विजेवर चालणारी झिगबी उपकरणं सहसा इतरांचे निरोप पुढे नेणाऱ्या रिपीटरचंही काम करतात, त्यामुळे टोकाच्या बेडरूमची सोय झाली असं त्याला वाटलं. तो पुण्याला परतला आणि दोन तऱ्हेच्या तक्रारी सुरू झाल्या. मला बोलावलं ते यासाठी.

पहिली तक्रार घरभर पसरलेली होती. कुठलाही सेन्सर कधीही निरोप चुकवायचा. दार उघडलं ते कळायचं, बंद झालं ते कळायचं नाही. दुसरी तक्रार एका जागेची होती. टोकाच्या बेडरूमचा तापमान सेन्सर, तिथल्या खिडकीचा आणि बाथरूममधला गळतीचा असे तिन्ही सकाळी बोलायचे आणि मग दिवसभर गप्प. हा फरक पकडता आला की अर्धं निदान होतं. घरभर विस्कळीत चुका होत असतील तर संशय कोऑर्डिनेटरवर किंवा चॅनेलवर घ्यावा. एका कोपऱ्यातले सेन्सर एकत्र गप्प होत असतील तर त्यांचा पालक शोधावा.

टोकाच्या बेडरूमचा पालक गिझरचा प्लगच निघाला. काका सकाळी आंघोळ झाली की गिझरचं बटण बंद करतात, आणि ते बरोबरच करतात. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण असतं आणि वापर झाला की ते बंद करण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. बटण बंद झालं की प्लगची वीज जाते आणि रिपीटर गायब होतो. त्याच्या आधाराने जोडलेले तीन सेन्सर निरोप देतात, पण पोच मिळत नाही. काही वेळाने त्यांनी दुसरा पालक शोधायला हवा. काही मॉडेल तो चटकन शोधतात, काही फार सावकाश, काही जुन्या पालकाला चिकटून बसतात. इथे तर शोधूनही फारसं काही सापडणार नव्हतं. वीज असलेला दुसरा पालक म्हणजे टीव्हीमागचा कोऑर्डिनेटर, आणि मधे दोन भिंती व ती दोन लोखंडी कपाटं.

स्क्रीनवर हे लगेच दिसत का नव्हतं, तेही सांगायला हवं. मुलगा पुण्याहून रोज प्रत्येक सेन्सरसमोरचा linkquality चा आकडा बघायचा आणि बेडरूमच्या सेन्सरचा आकडा चांगला असायचा. पण हा आकडा कोऑर्डिनेटरपर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचा असतो. सेन्सर रिपीटरमार्गे बोलत असेल तर तो रिपीटर आणि कोऑर्डिनेटर यांच्यामधला सिग्नल सांगतो, सेन्सर आणि रिपीटर यांच्यामधला नाही. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिप हा आकडा वेगवेगळ्या पद्धतीने काढतात, त्यामुळे दोन उपकरणांची तुलना करण्यात अर्थ नसतो. सेलवरच्या सेन्सरसाठी मी त्यापेक्षा 'शेवटचं कधी बोलला' हे बघतो. त्यासाठी सेटिंगमध्ये एवढं घातलं:

```yaml
advanced:
  channel: 25
  last_seen: ISO_8601_local
availability:
  enabled: true
  passive:
    timeout: 300
```

शेवटचा ३०० हा आकडा मिनिटांचा आहे. सेलवरच्या उपकरणांसाठी मूळ मर्यादा १५०० मिनिटं, म्हणजे पंचवीस तास असते. तेवढ्यात सकाळी एकदा बोलणारा सेन्सर कधीच 'बंद' दिसत नाही, आणि म्हणूनच इथला दोष झाकला गेला होता. या घरातले सगळे सेन्सर काही घडलं नाही तरी चार तासांच्या आत एकदा हजेरी लावतात, म्हणून पाच तास पुरले. तुमच्या सेन्सरची हजेरीची वेळ आधी बघा, नाहीतर चांगले सेन्सरही बंद दिसू लागतील.

घरभरच्या चुकांची दोन कारणं एकाच जागी होती. डोंगल थेट निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये होता. यूएसबी ३ च्या वायरींमधून आणि पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. इंटेलनेच २०१२ मध्ये यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. झिगबी नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. भरीला वीतभर अंतरावर वाय-फाय राऊटर आणि समोर टीव्हीचा धातूचा पत्रा. अशा जागी कोऑर्डिनेटरची अवस्था तोफखान्याशेजारी बसून कुजबूज ऐकणाऱ्या माणसासारखी होते. त्याचा स्वतःचा आवाज कमी पडत नाही, समोरच्याचं बोलणं त्याला ऐकू येत नाही. जास्त पॉवरचा डोंगल घेऊन हे सुटत नाही ते याचसाठी. कोऑर्डिनेटर मोठ्याने बोलू लागला तरी नाणेसेलवरचा सेन्सर तेवढ्याच हळू आवाजात उत्तर देणार.

आम्ही दोन मीटरची यूएसबी २ ची एक्स्टेन्शन केबल घेतली, डोंगल काळ्या यूएसबी २ पोर्टला लावला आणि केबल भिंतीकडेने नेऊन पॅसेजच्या तोंडाशी असलेल्या पुस्तकांच्या लाकडी रॅकवर, साधारण छातीच्या उंचीवर ठेवला. अँटेना उभा. अशा अँटेनाचा सिग्नल आजूबाजूला पसरतो आणि टोकाच्या दिशेने सर्वांत कमी असतो, म्हणून तो बेडरूमकडे रोखून आडवा करणं उलट पडतं. राऊटर टीव्हीमागेच राहिला, दोघांत सहा-सात फुटांचं अंतर आलं. पॅसेजचं तोंड निवडलं कारण तिथून स्वयंपाकघराचं दार, हॉल आणि पॅसेज तिन्हींकडे मोकळी वाट आहे. रेडिओच्या दृष्टीने घराचा मध्य नकाशावर मोजून मिळतोच असं नाही. कमीत कमी भिंती आणि पत्रे आडवे येतात ती जागा मध्य समजायची.

चॅनेलचं काम झटपट झालं. मोबाइलवर वाय-फाय तपासणारं अॅप लावलं तर शेजारपाजारचे राऊटर नेहमीप्रमाणे १, ६ आणि ११ वर गर्दी करून होते. वाय-फायचा ११ वा चॅनेल २४७२ मेगाहर्ट्झच्या आसपास संपतो आणि झिगबीचा २५ वा २४७५ वर असतो, म्हणून २५ घेतला. २६ वा त्याहून लांब आहे, पण काही उपकरणं तिथे मुद्दाम कमी ताकदीने बोलतात, त्यामुळे तो टाळला. घरचा राऊटर १ वर आणि २० मेगाहर्ट्झ रुंदीवर पक्का केला. तो 'ऑटो'वर राहू दिला तर महिन्याभराने कुठेही जाऊन बसतो. सगळे सेन्सर कसेही पुन्हा जोडायचेच होते, म्हणून चॅनेल आधी बदलला. नंतर बदलला असता तर झोपलेल्या काही सेन्सरपर्यंत ती बातमी पोचली नसती.

सर्वांत जास्त वेळ रिपीटरच्या जागा ठरवण्यात गेला, आणि जायलाच हवा होता. झिगबीत सेलवरचे सेन्सर एकमेकांचे निरोप पुढे नेत नाहीत. जाळं विणलं जातं ते फक्त कायम वीज असलेल्या उपकरणांचं. म्हणून प्रत्येक पॉइंटला दोन प्रश्न विचारले: याचं बटण घरातलं कोणी बंद करतं का, आणि लाइट गेल्यावर इथे इन्व्हर्टर येतो का? दुसऱ्याचं उत्तर तोंडी मिळत नाही. काका म्हणाले, "सगळीकडे येतो की." मेन स्विच पाडला, मोबाइलचा चार्जर घेऊन घरभर फिरलो, आणि पंखे-दिवे सोडले तर प्रत्येक खोलीत जेमतेम एखादा सॉकेट जिवंत सापडला. एसी आणि गिझरचे पॉइंट तर अर्थातच मेलेले. घरातल्या इतर गोष्टींना याने फरक पडत नसेल, पण लाइट गेल्यावर सेन्सर सेलवर जागे राहतात आणि त्यांना ऐकणारं कोणी उरत नाही. कॉम्प्युटर आणि वाय-फाय राऊटर ज्या सॉकेटवर होते तो सुदैवाने इन्व्हर्टरवरच होता.

शेवटी तीन रिपीटर लागले. स्वयंपाकघरात ओट्यावरच्या कपाटाच्या कडेला एक. तो फ्रिजमागच्या सॉकेटवर सहज लागला असता, पण फ्रिज म्हणजे पत्र्याची भिंतच. दुसरा पॅसेजच्या मध्यावर. हे दोन्ही यूएसबी चार्जरवर चालणारे साधे रिपीटर, आणि त्यांच्या बटणांवर काकूंनी स्वतः चिकटपट्टी लावली. टोकाच्या बेडरूममध्ये जिवंत सॉकेट फक्त पलंगाशेजारी होता, जिथे मोबाइल लागतात, म्हणजे बटण दिवसातून अनेकदा बंद होणार. तिथे वायरमनला बोलावून पंख्याच्या बोर्डात स्विच मॉड्यूल बसवलं. ते बोर्डाच्या आत कायम विजेवर राहतं, पुढचं बटण बंद केलं तरी त्याचा रेडिओ चालू राहतो.

इथे दोन गोष्टी बघाव्या लागतात. मॉड्यूल न्यूट्रल लागणारं हवं, कारण न्यूट्रलशिवाय चालणारी बहुतेक मॉड्यूल रिपीटर होत नाहीत. बोर्डावर सॉकेट असेल तर आत न्यूट्रल असतोच. दुसरं म्हणजे भिंतीतला डबा. आपल्याकडे कन्सील्ड बोर्डामागे बऱ्याचदा पत्र्याचा डबा असतो, आणि मॉड्यूल त्यात खोल ढकललं तर सिग्नल फक्त प्लास्टिकच्या पुढच्या पट्टीतून बाहेर येतो. वायरमनने मॉड्यूल डब्याच्या तळाशी न ठेवता पट्टीच्या लगेच मागे, वायरींच्या पुढे बसवलं. बोर्डाचं तोंड खोलीच्या आत होतं, त्यामुळे खिडकी आणि बाथरूम दोन्ही त्याच्या समोर आले, आणि कपाटं मागे पडली.

सेन्सर जोडताना क्रम पाळला. आधी तिन्ही रिपीटर आपापल्या जागी, मग एकेक सेन्सर त्याच्या कायमच्या जागी नेऊन. दिवाळीत मुलाने सगळे सेन्सर हॉलच्या टेबलावर मांडून एकदमच जोडले होते. तसं केलं की ज्याचा सिग्नल त्या क्षणी चांगला तो पालक होतो, आणि काही सेन्सर नंतर कुठेही नेले तरी त्यालाच धरून राहतात. बेडरूमचे तीन सेन्सर जोडताना नवीन उपकरण घेण्याची परवानगी फक्त त्या बोर्डातल्या मॉड्यूलपुरती दिली. गिझरचा प्लग त्या वेळी बंद ठेवला.

मग परीक्षा घेतली. मेन स्विच पाडून तास-दीड तास घर इन्व्हर्टरवर ठेवलं, सगळी दारं-खिडक्या उघड-बंद केल्या आणि गळतीच्या प्रत्येक सेन्सरखाली ओलं फडकं धरलं. सिंकखालचा सेन्सर एका सेकंदाच्या आत बोलला. काकूंनी ते फडकं स्वतः धरलं होतं आणि मुलाचा पुण्याहून लगेच फोन आला, तेव्हा त्यांचा विश्वास बसला. वीज परत आल्यावर पुन्हा तेवढाच वेळ थांबून 'शेवटचं कधी बोलला' हा रकाना तपासला. खरी गडबड अनेकदा वीज जाताना न होता ती परत येऊन जाळं पुन्हा जुळताना होते.

थंडीत एक फोन आला. ड्राय बाल्कनीतल्या तापमान सेन्सरची बॅटरी पहाटे २० टक्के दिसत होती आणि दुपारी ६०. नाशिकला पारा दहाच्या खाली गेला की नाणेसेलचं व्होल्टेज खाली येतं, आणि टक्केवारी त्या व्होल्टेजवरूनच काढलेली असते. दुपारचा आकडा धरायचा आणि सेल बदलायची घाई करायची नाही, एवढंच त्यांना सांगितलं.

एक मागणी मात्र पुरी झाली नाही. गच्चीवरच्या टाकीलाही गळतीचा सेन्सर लावावा असं काकांच्या मनात होतं. मधे दोन आरसीसी स्लॅब आहेत. जिन्यात रिपीटर लावायचा तर तो सोसायटीच्या मीटरवर जाणार, आणि लिफ्ट-जिन्याचा बॅकअप फक्त लिफ्टपुरताच आहे. चार निरोपांतले दोनच पोचवणारा गळतीचा सेन्सर लावण्यापेक्षा तो न लावलेला बरा, असं मी सांगितलं. टाकी सध्या वॉचमनच बघतो.